दहा चित्रपट, तीन कथा: 'प्लॅनेट ऑफ द एप्स' कुठून पाहावा?

'प्लॅनेट ऑफ द एप्स' हे नाव ओटीटीच्या शोधपट्टीत टाकलं की एकसारख्या नावांची पोस्टरं ओळीने समोर येतात. राइज, डॉन, वॉर, किंगडम, बिनीथ, एस्केप, कॉन्क्वेस्ट, बॅटल. शिवाय नुसतं 'प्लॅनेट ऑफ द एप्स' एवढंच नाव असलेले दोन, एक १९६८चा आणि दुसरा २००१चा. असे एकूण दहा चित्रपट, आणि क्रमांक एकाच्याही नावात नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई' पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढचे दोन भाग कोणत्या क्रमाने पाहायचे हे कुणाला विचारावं लागत नाही. इथे मात्र सीक्वेल कोणता, प्रीक्वेल कोणता, रीबूट कोणता हे कळल्याशिवाय पहिलं पोस्टर निवडणंही अवघड होतं.

हा गुंता सोडवायला तीन प्रश्न पुरतात. पहिला सर्वांत महत्त्वाचा: आधीच्या चित्रपटात जे घडलं, ते नव्या चित्रपटाने खरं धरलं आहे का? धरलं नसेल, पाटी पुसून तीच कल्पना पहिल्यापासून मांडली असेल, तर तो रीबूट. धरलं असेल तर दुसरा प्रश्न: नवी कथा जुन्या कथेच्या पुढची आहे की मागची? पुढची असेल तर सीक्वेल, मागची असेल तर प्रीक्वेल. आणि तिसरा: कथा मुख्य मंडळींचीच आहे, की त्यांच्या कथेत कडेला असलेल्या कुणाची तरी? कडेचं पात्र मधोमध आणून त्याचा वेगळा चित्रपट केला, तर तो स्पिन-ऑफ.

हे प्रश्न वानरांच्या या मालिकेला लावून पाहण्यासारखे आहेत. त्यासाठी काही चित्रपटांचे शेवट सांगावे लागतील, हे आधीच सांगितलेलं बरं.

फ्रेंच लेखक पिएर बूल यांची कादंबरी १९६३ साली आली आणि तिच्यावरून १९६८चा पहिला चित्रपट निघाला. चार्ल्टन हेस्टन यांनी साकारलेला टेलर हा अंतराळवीर एका अनोळखी ग्रहावर उतरतो. तिथे वानर बोलतात, राज्य करतात, आणि मुक्या माणसांची शिकार करतात. अगदी शेवटी समुद्रकाठी अर्धवट गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो आणि टेलरला कळतं, हा परका ग्रह नाही, हजारो वर्षांनंतरची आपलीच पृथ्वी आहे.

१९७०चा 'बिनीथ' हा सरळ सीक्वेल. टेलरला शोधायला दुसरा अंतराळवीर येतो, कथा पुढे सरकते आणि एका महाभयंकर बॉम्बने अख्खी पृथ्वीच नष्ट होते. इथे मालिका संपायला हवी होती. पण चित्रपट चालले होते आणि स्टुडिओला पुढचा भाग हवा होता. नष्ट झालेल्या पृथ्वीचा पुढचा भाग काढायचा कसा?

१९७१च्या 'एस्केप'ने काढलेली वाट मोठी कल्पक आहे. पृथ्वी नष्ट होण्याआधीच कॉर्नेलियस आणि झिरा हे चिंपांझी जोडपं टेलरच्या यानातून निघालेलं असतं. स्फोटानंतर ते यान काळात मागे फेकलं जातं आणि १९७३ सालच्या अमेरिकेत येऊन पोहोचतं. खर्चाच्या दृष्टीनेही हे सोयीचं होतं. वानरांचं संपूर्ण शहर उभारायची आणि शेकडो जणांना वानरांचा मेकअप करायची गरज उरली नाही. मोजके वानर आणि आजूबाजूला नेहमीचं लॉस एंजेलिस एवढ्यावर भागलं.

आता प्रश्न असा, की १९७३ साल हे टेलर उतरतो त्या काळाच्या कितीतरी आधीचं. मग 'एस्केप' हा प्रीक्वेल का म्हणायचा नाही? कारण त्याची कथा उभी राहते ती आधीच्या दोन चित्रपटांत घडलेल्या घटनांवर. टेलर आला नसता तर यान नसतं, यान नसतं तर कॉर्नेलियस आणि झिरा आलेच नसते. पडद्यावरचं साल मागचं असलं तरी घटनांची साखळी पुढे जाते. सीक्वेल आणि प्रीक्वेल यांतला फरक कॅलेंडरवरून ठरत नाही, तो या साखळीवरून ठरतो.

'एस्केप'मध्ये झिराला बाळ होतं. आईवडील मारले जातात, पण बाळ एका सर्कसवाल्याकडे सुखरूप राहतं. १९७२च्या 'कॉन्क्वेस्ट'मध्ये तेच बाळ सीझर या नावाने मोठं झालेलं दिसतं. साल १९९१. साथीच्या रोगात कुत्री-मांजरं मेलेली असतात, माणसांनी आधी पाळीव म्हणून आणि मग गुलाम म्हणून वानर ठेवलेले असतात, आणि सीझर त्यांचं बंड उभारतो. म्हणजे वानरांचं राज्य कसं आलं, हे चौथ्या भागात कळतं. एरवी हे काम प्रीक्वेल करतो, पण सीझर तिसऱ्या भागातून आलेला असल्यामुळे हाही सीक्वेलच. १९७३च्या 'बॅटल'ने हा संच संपला. भागागणिक खर्चाला कात्री लागत गेली होती आणि शेवटच्या लढाईत ती स्पष्ट दिसते.

२००१ साली टिम बर्टन यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. अंतराळवीर नवा, वानर नवे, आणि ग्रहसुद्धा पृथ्वी नव्हे. टेलर, झिरा, सीझर यांतलं काहीच इथे घडलेलं नाही. म्हणजे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'नाही'. मूळ कल्पना घेऊन केलेला हा रीमेक. नवी मालिका सुरू व्हावी असा त्याचा शेवट होता, पण पुढचा भाग निघालाच नाही, त्यामुळे तो एकटाच राहिला.

खरा पेच २०११च्या 'राइज'पाशी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रयोगशाळेत अल्झायमरवरचं औषध चिंपांझींवर तपासलं जात असतं. औषध दिलेल्या मादीला पिल्लू होतं, ते विलक्षण हुशार निघतं आणि पुढे वानरांचा नेता बनतं. त्याचंही नाव सीझर. अँडी सर्किस यांच्या अभिनयावरून संगणकाने घडवलेला हा सीझर इतका जिवंत आहे, की प्रेक्षक त्याच्या डोळ्यांतून गोष्ट वाचतो. त्यात मंगळाकडे निघालेलं एक यान हरवल्याची बातमी ओझरती येते. जुना चित्रपट पाहिलेल्याला वाटतं, हेच टेलरचं यान, म्हणजे हा १९६८च्या चित्रपटाचा प्रीक्वेल. तसा उल्लेख ठिकठिकाणी वाचायलाही मिळतो.

इथे एक सोपी कसोटी लावता येते. दोन्हीकडे असलेली एकच घटना घ्यायची आणि दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात का ते पाहायचं. जुना सीझर भविष्यातून आलेल्या, बोलणाऱ्या आईवडिलांच्या पोटी १९७३ साली जन्मला. नवा सीझर प्रयोगशाळेतल्या मादीच्या पोटी, औषधाच्या परिणामाने जन्मला. जुन्या मालिकेत वानर गुलाम होते म्हणून बंड झालं. नव्या मालिकेत त्याच संशोधनातून पसरलेल्या विषाणूने माणसं मेली आणि वानरांना मोकळं रान मिळालं. हे दोन्ही एकाच जगात बसत नाही. म्हणून 'राइज' हा रीबूट. हरवलेल्या यानाची बातमी म्हणजे जुन्या चित्रपटाला केलेला नमस्कार, तेवढ्यावरून कथा जोडली जात नाही.

फसगत होते ती नेमकी इथे. कथा 'सुरुवात' सांगते, एवढ्यावरून प्रेक्षक तिला प्रीक्वेल समजतो. पण रीबूटलाही सुरुवात सांगावीच लागते, कारण त्याने जुनी सुरुवात बाजूला ठेवलेली असते.

या नव्या जगातला पुढचा क्रम मात्र सरळ आहे. २०१४चा 'डॉन' दहा वर्षांनंतरचा, २०१७चा 'वॉर' त्यापुढचा. २०२४चा 'किंगडम' सीझरच्या मृत्यूनंतर कित्येक पिढ्यांनी घडतो आणि त्यात नोआ हा तरुण चिंपांझी नायक आहे. जुनं एकही पात्र उरलेलं नाही, तरी त्याला स्पिन-ऑफ म्हणता येत नाही. सीझरने घालून दिलेली शिकवण, तिचा सोयीने अर्थ लावणारा सत्ताधीश, विषाणूने मुकी झालेली माणसं, हा मूळ कथेचाच धागा तिथे पुढे चालतो.

या मालिकेच्या दहा चित्रपटांत स्पिन-ऑफ नाहीच. तो पाहायचा तर 'द कॉन्ज्युरिंग'कडे जावं लागतं. २०१३च्या त्या भयपटात मुख्य कथा भुताखेतांचा शोध घेणाऱ्या वॉरन दांपत्याची. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात अ‍ॅनाबेल ही बाहुली असते, तिला थोडीच जागा मिळते. २०१४मध्ये तिच्यावर स्वतंत्र 'अ‍ॅनाबेल' आला, हा स्पिन-ऑफ. त्याची कथा वॉरनच्या कथेआधी घडते, म्हणून तोच प्रीक्वेलही. पुढे २०१७चा 'अ‍ॅनाबेल: क्रिएशन' त्याच्याही मागे जाऊन बाहुली कशी घडली ते सांगतो. २०१६च्या दुसऱ्या 'कॉन्ज्युरिंग'मधली भेसूर जोगीण २०१८च्या 'द नन'मध्ये मध्यभागी आली, आणि ती कथा आहे १९५२ सालची. एकाच चित्रपटाला दोन नावं लागू शकतात, कारण एक नाव 'केव्हा' याचं उत्तर देतं आणि दुसरं 'कुणाचं' याचं.

मग 'द नन' १९५२ सालचा म्हणून तो सर्वांत आधी पाहावा का? नाही. त्याचा शेवट २०१३च्या चित्रपटातल्या वॉरन दांपत्याच्या व्याख्यानाला जाऊन भिडतो. 'क्रिएशन'चा शेवट २०१४च्या 'अ‍ॅनाबेल'च्या सुरुवातीला जाऊन मिळतो. ते प्रसंग आधी पाहिलेले नसतील तर हे दुवे नुसते डोळ्यांसमोरून निघून जातात. प्रीक्वेल लिहिणारा प्रेक्षकाला मूळ कथा ठाऊक आहे असं धरूनच लिहितो. त्यामुळे एका संचातले चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावेत, कथेतल्या सालांच्या क्रमाने नव्हे.

वानरांच्या मालिकेपुरतं सांगायचं तर पोस्टरांचे तीन गठ्ठे करावेत. १९६८ ते १९७३चे पाच, २००१चा एक, आणि २०११ ते २०२४चे चार. एका गठ्ठ्यातलं काही समजण्यासाठी दुसऱ्या गठ्ठ्यातलं काहीच पाहावं लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'राइज', 'डॉन', 'वॉर', 'किंगडम' या क्रमाने जावं. जुन्या पाचांसाठी वेळ नसेल तर निदान १९६८चा पहिला तरी पाहावा, तो एकटाही पूर्ण आहे. २००१चा चित्रपट सोडला तरी कथेतलं काही सुटणार नाही.