एस्टिमेट आणि बिल शेजारी ठेवून

गाडी सर्व्हिसिंगला टाकताना सांगितलेला आकडा आणि घेताना हातात आलेलं बिल यांत फरक पडला, की आपण लगेच म्हणतो, "लुटलं." पण फरक कशामुळे पडला, हे पाहिल्याशिवाय सर्व्हिस सेंटरला बरं-वाईट ठरवू नये.

माझ्या पेट्रोल गाडीची ४० हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग होती. जॉब कार्डवर एस्टिमेट होतं ६,८०० रुपये, बिल आलं ९,४०० रुपयांचं. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी ओळीला ओळ लावली. वाढीव २,६०० रुपयांपैकी २,१५० पुढच्या ब्रेक पॅडचे होते. पॅडची झीज चाक उतरवल्यावरच नीट मोजता येते, म्हणून ते काम एस्टिमेटमध्ये नव्हतं. अ‍ॅडव्हायझरने दुपारी फोन करून, फोटो पाठवून माझा होकार घेतला होता. जुने पॅड मी मागून घेतले. मागची पोलादी पट्टी सोडून घर्षणाचा थर जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता, म्हणजे ते बदलायलाच आले होते. नव्या पॅडच्या खोक्यावरचा पार्ट नंबर आणि किंमतही बिलाशी जुळली.

उरलेले ४५० रुपये एसीच्या निर्जंतुकीकरणाचे होते. ते मला कुणी विचारलंच नव्हतं. मी होकार कुठे दिला ते दाखवा म्हटल्यावर ती ओळ निघाली.

एस्टिमेटशी जुळणाऱ्या ओळीही तपासाव्यात. दोन्ही कागदांवर इंजिन ऑइल साडेतीन लिटर होतं, तर गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसह ३.१ लिटर. तेल पिंपातून भरलेलं असलं, तर जितकं घातलं तितक्याचेच पैसे लागायला हवेत. डबा फोडला असेल, तर उरलेलं तेल आपलं. सपाट जागी इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहिली. पातळी दोन खुणांच्या मध्ये, म्हणजे बरोबर होती. पिंपातल्या तेलाच्या नोंदीतही ३.१ लिटरच निघालं. त्याचे २०० रुपये कमी होऊन बिल ८,७५० वर आलं.

वेळेचा हिशेबही असाच फोडून मांडावा. गाडी साडेनऊला दिली, दोनचा वायदा होता, मिळाली साडेपाचला. चौकशी केली तेव्हा कळलं, की लिफ्टवरचं काम दोन तासांचंच होतं. बाकीचा वेळ लिफ्टची वाट पाहण्यात आणि धुलाईच्या रांगेत गेला. मेकॅनिकचा हात संथ नव्हता, गाड्या जास्त घेतल्या गेल्या होत्या.

म्हणून अभिप्रायाच्या फॉर्मवर मी नुसते तारे देऊन थांबलो नाही. ब्रेकचं काम आणि त्यासाठीचा फोन चोख, वायदा साडेतीन तासांनी चुकला, न विचारता लावलेली एक ओळ आणि तेलाचं माप बिलात दुरुस्त करावं लागलं, असं लिहिलं. यातली प्रत्येक गोष्ट त्यांना त्यांच्याच जॉब कार्डवर पडताळता येईल.