१०० मेगाबिटच्या तारेवर ९४ मेगाबिट

१०० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या इथरनेट तारेने दोन संगणक जोडले आणि एकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवली, तर वेग मोजणारे साधन जवळजवळ नेहमी ९४ मेगाबिटच्या आसपासचा आकडा दाखवते. तार नवी असो, संगणक वेगवान असो, जाळ्यावर दुसरे कोणी नसो, तरीही आकडा ९५ ओलांडत नाही. हे उरलेले सहा मेगाबिट हरवलेले नसतात. ते तारेवरून जातात, फक्त फाइलचा भाग म्हणून जात नाहीत. ते कुठे जातात हे समजण्यासाठी बँडविड्थ, थ्रूपुट आणि गुडपुट या तीन राशी वेगळ्या ओळखाव्या लागतात. रोजच्या बोलण्यात या तिन्हींना ‘स्पीड’ म्हटले जाते आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

बँडविड्थ ही जोडणीची कमाल क्षमता आहे. रेडिओच्या क्षेत्रात ती हर्ट्झमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्याची रुंदी म्हणून मोजतात. संगणकाच्या जाळ्यात मात्र एका सेकंदात जास्तीत जास्त किती बिट पाठवता येतील, हा तिचा अर्थ असतो. १९९५ साली प्रमाणित झालेल्या ‘फास्ट इथरनेट’मध्ये हा आकडा १० कोटी बिट आहे, म्हणजे प्रत्येक बिटाला १० नॅनोसेकंद मिळतात. तारेवरून काहीच जात नसले तरी तिची बँडविड्थ तेवढीच राहते, कारण ती वापरावर नव्हे तर तार आणि दोन्ही टोकांच्या यंत्रणेवर ठरते.

थ्रूपुट म्हणजे प्रत्यक्षात दर सेकंदाला जे पलीकडे पोचते ते. ही मोजायची राशी आहे, त्यामुळे ती कुठे मोजली हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. शिवाय ती बँडविड्थपेक्षा कितीही कमी असू शकते. टीसीपी या नियमपद्धतीत पाठवणारा संगणक समोरून पोच येण्याआधी ठरावीक मर्यादेपर्यंतच माहिती सोडू शकतो. या मर्यादेला विंडो म्हणतात. मूळ टीसीपीत विंडो जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटची होती. समजा दोन संगणक दूरच्या खंडांवर आहेत आणि माहिती जाऊन पोच परत यायला २०० मिलिसेकंद लागतात. मग दर २०० मिलिसेकंदांना ६५,५३५ बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे २६ लाख बिट, एवढाच वेग मिळेल. जोडणी १०० मेगाबिटची असली तरी थ्रूपुट २.६ मेगाबिट राहील आणि तार बहुतांश वेळ रिकामी असेल. याच अडचणीसाठी १९९२ साली विंडो मोठी करण्याची सोय टीसीपीत आली. आजचे संगणक ती आपोआप वापरतात. तरी मधले एखादे जुने उपकरण ती सोय मोडीत काढते, तेव्हा हाच प्रकार पुन्हा दिसतो. अशा वेळी जास्त बँडविड्थ विकत घेऊन काहीच सुधारत नाही.

गुडपुट म्हणजे वापरणाऱ्याला खरोखर हवी असलेली माहिती दर सेकंदाला किती मिळाली ते. बाजार समितीत पोत्यासकट वजन होते, मग बारदान वजा करून निव्वळ मालाचे पैसे दिले जातात. गुडपुट हे तसे निव्वळ वजन आहे. त्यातून दोन गोष्टी वजा होतात. पहिली म्हणजे प्रत्येक पॅकेटवर चढणारे हेडर. दुसरी म्हणजे हरवली म्हणून किंवा हरवली असे वाटले म्हणून दुसऱ्यांदा पाठवलेली माहिती. फायरवॉलची क्षमता कशी मोजावी यासाठी १९९९ साली निघालेल्या आरएफसी २६४७ या दस्तऐवजात गुडपुटची व्याख्या आहे आणि तीतही हरवलेले व पुन्हा पाठवलेले बिट वजा करायला सांगितले आहे.

आता ९४ चा हिशेब. इथरनेटची एक फ्रेम आपल्या पोटात जास्तीत जास्त १,५०० बाइट घेते. हे १,५०० बाइट सगळे फाइलचे नसतात. त्यात पहिले २० बाइट आयपीच्या हेडरचे, ज्यात कोणाकडून कोणाकडे हे पत्ते असतात. पुढचे २० बाइट टीसीपीच्या हेडरचे, ज्यात क्रमांक आणि पोच असते. बहुतेक संगणक टीसीपीच्या हेडरला वेळेची नोंदही जोडतात, तिचे १२ बाइट. म्हणजे फाइलसाठी उरतात:

१,५०० − २० − २० − १२ = १,४४८ बाइट

या १,५०० बाइटांच्या बाहेर इथरनेटचा स्वतःचा खर्च आहे. दोन्ही यंत्रांचे पत्ते आणि आतल्या मजकुराचा प्रकार यांचे १४ बाइट आधी लागतात. चूक पकडण्यासाठी ४ बाइटांची बेरीज शेवटी असते. फ्रेम सुरू होण्यापूर्वी समोरच्या यंत्राला बिटांची लय पकडता यावी म्हणून ८ बाइटांचा ठरावीक नमुना जातो. आणि एक फ्रेम संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत १२ बाइट जातील एवढा वेळ तार मोकळी ठेवावीच लागते. या मोकळ्या जागेत काहीच पाठवले जात नाही, पण तेवढा वेळ खर्च होतो, म्हणून ती हिशेबात धरणे आवश्यक आहे. पुष्कळ पुस्तकी हिशेब इथेच चुकतात आणि मग त्यांचे उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नाही.

१४ + १,५०० + ४ + ८ + १२ = १,५३८ बाइट

म्हणजे फाइलचे १,४४८ बाइट पोचवण्यासाठी तारेवर १,५३८ बाइटांची जागा लागते. १,४४८ ला १,५३८ ने भागले की ०.९४१५ येते, आणि १०० मेगाबिटच्या तारेवर गुडपुट ९४.१५ मेगाबिट निघते. मोजणारे साधन दाखवते तोच हा आकडा. याच क्षणी आयपी पॅकेटांच्या पातळीवर मोजले, म्हणजे १,५०० भागिले १,५३८ केले, तर थ्रूपुट ९७.५ मेगाबिट दिसेल. बँडविड्थ १००, थ्रूपुट ९७.५ आणि गुडपुट ९४.१५: एकाच तारेचे, एकाच सेकंदाचे हे तिन्ही आकडे बरोबर आहेत.

१०० कोटी बाइटांची एक फाइल घेतली तर फरक वेळेत दिसतो. नुसत्या बँडविड्थने भागले तर ती ८० सेकंदांत जायला हवी. प्रत्यक्षात तिचे सुमारे ६ लाख ९१ हजार तुकडे होतात, प्रत्येकावर ९० बाइटांचा खर्च चढतो आणि एकूण सुमारे ६ कोटी २१ लाख बाइट जास्तीचे जातात. त्यामुळे जवळपास ८५ सेकंद लागतात.

मोठ्या फाइलीत हेडरचा भार सहा टक्क्यांच्या आत राहतो, कारण प्रत्येक पॅकेट भरलेले असते. पॅकेट लहान झाले की चित्र बदलते, आणि इंटरनेटवरून होणारे बोलणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जी.७२९ या पद्धतीत आवाज इतका आवळला जातो की सेकंदाला फक्त ८ किलोबिट पुरतात. पण बोलणे साठवून ठेवता येत नाही, म्हणून दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट सोडावे लागते आणि त्यात आवाजाचे जेमतेम २० बाइट असतात. त्यांच्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपी यांची मिळून ४० बाइटांची हेडरे, आणि वर इथरनेटचे ३८ बाइट. एकूण ९८ बाइटांपैकी २० कामाचे. सेकंदाला ५० पॅकेटे धरली तर ८ किलोबिट आवाजासाठी तारेवर ३९.२ किलोबिट खर्च होतात. गुडपुट एक पंचमांशावर येते. म्हणूनच दूरध्वनी केंद्राची जोडणी ठरवताना आवाजाचा आकडा पाहून चालत नाही, हेडरसकटचा आकडा धरावा लागतो.

दुसरी वजाबाकी पुनर्प्रेषणाची. समजा पाठवलेल्या दर १०० तुकड्यांपैकी ३ आधीच पाठवलेल्या माहितीच्या पुन्हा काढलेल्या प्रती आहेत. तार पूर्ण भरलेली आहे, उपकरणावरचे मोजमाप पूर्ण वाहतूक दाखवते, पण गुडपुट ९४.१५ चे ९७ टक्के, म्हणजे ९१.३ मेगाबिट उरते. प्रत्यक्षात नुकसान यापेक्षा मोठे असते. तुकडा हरवला म्हणजे वाटेत गर्दी आहे असे टीसीपी सहसा समजते आणि स्वतःचा वेग कमी करते, त्यामुळे थ्रूपुटही खाली येते. वाय-फायवर यात आणखी भर पडते, कारण तिथे सगळी उपकरणे एकाच लहरीवर पाळीपाळीने बोलतात आणि प्रत्येक वेळी थांबण्यात व पोच देण्यात वेळ जातो. ५४ मेगाबिटच्या जुन्या वाय-फायवर हाती २० ते २५ मेगाबिटच लागत, ते यामुळेच.

हे सगळे घरी किंवा कार्यालयात पाहता येते. एका संगणकावर `iperf3 -s` चालवायचे आणि दुसऱ्यावर, पहिल्याचा पत्ता देऊन, पुढची आज्ञा:

```
iperf3 -c 192.168.1.10
```

हे साधन पोचलेली निव्वळ माहिती मोजते, म्हणजे त्याचा आकडा गुडपुटचा असतो. लिनक्सवर पाठवणाऱ्या बाजूला `Retr` असा स्तंभही दिसतो. तो शून्याच्या जवळ असेल आणि वेग ९४ असेल, तर जोडणीत काहीही बिघाड नाही. `Retr` वाढत असेल तर तार, जोडणीची टोके किंवा वाटेतली गर्दी तपासावी. `Retr` शून्य आणि तरीही वेग कमी असेल, तर विंडो किंवा संगणकांपैकी एखादा स्वतःच आड येत असण्याची शक्यता जास्त. फाइल उतरवून घेताना पडद्यावर दिसणारा वेग बहुधा बाइटमध्ये असतो. ९४.१५ मेगाबिटचे तिथे सुमारे ११.८ मेगाबाइट होतात, आणि जिथे मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटांचे धरले जाते तिथे ११.२ दिसतात.

एक गिगाबिटच्या जोडणीत हेडरचे प्रमाण तेच राहते, म्हणून तिथला योग्य आकडा ९४१ मेगाबिट आहे. गिगाबिटची जोडणी असूनही मोजणी ९४ वरच अडकली, तर दोष हेडरचा नाही. तारेतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटल्यामुळे किंवा मधला जुना स्विच १०० मेगाबिटचाच असल्यामुळे दोन्ही यंत्रे खालच्या वेगावर उतरलेली असतात. लिनक्सवर `ethtool eth0` लिहिले की `Speed: 100Mb/s` अशी ओळ त्याची खात्री करून देते (`eth0` च्या जागी आपल्या जोडणीचे नाव लिहावे), आणि मग आधी तार बदलून पाहावी.