‘बोअर’ करणारा आणि ‘बोअर’ झालेला

नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असं वाक्य पुष्कळदा सापडतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मला या नोकरीत रस आहे. वाचणाऱ्याला मात्र पहिल्या चार शब्दांत कळतं, ‘मी फार रंजक माणूस आहे.’ हवा होता ‘इंटरेस्टेड’, आला ‘इंटरेस्टिंग’. इंग्रजीत ‘इंग’ आणि ‘एड’ अशी शेपटी लावून झालेल्या विशेषणांच्या अशा बऱ्याच जोड्या आहेत : बोअरिंग-बोअर्ड, कन्फ्युजिंग-कन्फ्युज्ड, टायरिंग-टायर्ड, एक्सायटिंग-एक्सायटेड. चांगलं इंग्रजी लिहिणारी मराठी माणसंही इथे अडखळतात, आणि त्याचं कारण बऱ्याच अंशी आपल्या मराठीतच आहे.

आपण ‘बोअर’ हा शब्द उचलला तो शेपटीविना. ‘पिक्चर बोअर आहे’ म्हणतो आणि ‘मी बोअर झालो’ असंही म्हणतो. सिनेमाला आणि प्रेक्षकाला एकच शब्द पुरतो, कारण कोणाचं काय झालं हे सांगायला ‘आहे’ आणि ‘झालो’ असतात. ‘कन्फ्युज’, ‘इम्प्रेस’, ‘डिप्रेस’ यांचंही तेच. मग इंग्रजीत लिहायची वेळ आली की शेपटी कुठली लावायची हा प्रश्न उरतोच. त्यात आणखी एक फसगत होते. ‘मला बोअर होतंय’ यातलं ‘होतंय’ चालू वर्तमानकाळाचं, आणि शाळेत चालू काळाला ‘इंग’ लावायचं हे पक्कं ठसलेलं. म्हणून ‘मला बोअर होतंय’चं ‘आय ॲम बोअरिंग’ होऊन बसतं. त्याचा खरा अर्थ, ‘माझ्या सहवासात लोक कंटाळतात.’

या जोड्यांची किल्ली मूळ क्रियापदात आहे. इंग्रजीतलं ‘बोअर’ हे क्रियापद म्हणजे कंटाळणं नव्हे, कंटाळा आणणं. ‘टायर’ म्हणजे दमवणं, ‘सरप्राइज’ म्हणजे चकित करणं, ‘इंटरेस्ट’ म्हणजे एखाद्यात रस निर्माण करणं. या सगळ्या क्रिया एकाकडून निघतात आणि दुसऱ्याच्या मनावर उतरतात. जिथून क्रिया निघते त्याला ‘इंग’, जिच्यावर उतरते त्याला ‘एड’. भाषण श्रोत्यांना कंटाळा आणतं, म्हणून भाषण बोअरिंग आणि श्रोते बोअर्ड.

ही व्यवस्था मराठीतही आहे, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. कंटाळवाणं भाषण आणि कंटाळलेले श्रोते. दमवणारा प्रवास आणि दमलेले प्रवासी. यातला ‘व’ महत्त्वाचा आहे. ‘घाबरणारा’ म्हणजे ज्याला भीती वाटते तो, आणि ‘घाबरवणारा’ म्हणजे जो दुसऱ्याला भीती घालतो तो. मराठीत हा ‘व’ वेगळा घालावा लागतो. इंग्रजीच्या या क्रियापदांत तो आधीच मुरलेला असतो, वरून दिसत नाही.

त्यामुळे मराठी माणसाजवळ एक सोपी कसोटी तयारच आहे. शब्दापुढे ‘करणारा’ आणि ‘झालेला’ लावून पाहायचं. कन्फ्युज करणारा प्रश्न, तो कन्फ्युजिंग. कन्फ्युज झालेला विद्यार्थी, तो कन्फ्युज्ड.

समजा, दहावीतल्या एका मुलीने किल्ल्याच्या सहलीवर असं लिहिलं : ‘द जर्नी वॉज टायर्ड. वी वेअर एक्सायटिंग टू सी द फोर्ट. द गाइड वॉज व्हेरी इंटरेस्टेड.’ पहिलं वाक्य तपासू. प्रवास दमला का? प्रवासाने मुलांना दमवलं, म्हणून ‘टायरिंग’. दुसऱ्यात उत्साह मुलांच्या मनात आला, किल्ला पाहायच्या कल्पनेने ती एक्साइट झाली, म्हणून ‘एक्सायटेड’. तिसऱ्या वाक्यात मात्र थांबावं लागतं. ते व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. अर्थ इतकाच की वाटाड्याला स्वतःला खूप रस होता. मुलीला तेच म्हणायचं असेल तर वाक्य बरोबर. त्याने सांगितलेल्या गोष्टींनी मुलांना गुंगवून टाकलं असं म्हणायचं असेल, तर ‘इंटरेस्टिंग’ हवं. या चुकीची खरी अडचण हीच आहे. स्पेलिंग बरोबर असतं, वाक्यरचना बरोबर असते, त्यामुळे लाल रेघ उमटत नाही. चुकलेला असतो तो फक्त अर्थ, आणि तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो.

कानाचीही इथे फारशी मदत होत नाही. ‘एड’चा उच्चार ‘इंटरेस्टेड’मध्ये स्वतंत्र ऐकू येतो, पण ‘बोअर्ड’मध्ये तो शेवटचा एक ‘ड’ असतो आणि ‘एम्बॅरस्ड’मध्ये तर ‘ट’सारखा. पुढचा शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने सुरू झाला की हा ध्वनी त्यातच विरून जातो. ‘आय ॲम टायर्ड टुडे’ कोणी भरभर म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ‘टायर टुडे’ असंच वाटतं. हा भेद डोळ्यांनी वाचूनच पक्का होतो.

शाळांमधून एक नियम सर्रास सांगितला जातो : माणसाला ‘एड’, वस्तूला ‘इंग’. बऱ्याच वाक्यांत तो जुळतो म्हणून टिकून आहे, पण तो चुकीचा आहे. माणूसही दुसऱ्याला कंटाळा आणू शकतो, तेव्हा ‘ही इज बोअरिंग’ हे वाक्य शुद्धच. उलट ‘अ वरीड लुक’ म्हणजे चिंताग्रस्त नजर. नजर ही व्यक्ती नव्हे, तरी तिथे ‘एड’ आहे, कारण ती काळजीत पडलेल्या माणसाची नजर आहे. माणूस की वस्तू, हे पाहून काही ठरत नाही. भावना कोणी जागवली आणि ती कोणाच्या मनात जागी झाली, एवढंच पाहायचं.

‘करणारा-झालेला’ या कसोटीलाही मर्यादा आहेत. ‘एन्जॉय’ घ्या. सहल ‘एन्जॉय करणारा’ हाच मजा अनुभवणारा असतो, म्हणजे इथे बाजू उलटी पडते. म्हणून ‘आय वॉज एन्जॉइड’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत. ‘आय एन्जॉइड द ट्रिप’ म्हणतात, आणि सहलीला ‘एन्जॉयेबल’. कसोटी लावण्याआधी पाहावं की क्रिया दुसऱ्याच्या मनावर उतरते आहे ना.

दुसरी मर्यादा अशी की काही जोड्यांत ‘इंग’ची जागा भलत्याच शब्दाने घेतलेली आहे. इम्प्रेस झालेला तो इम्प्रेस्ड, पण इम्प्रेस करणारा तो इम्प्रेसिव्ह. स्ट्रेस्ड माणसाचं काम स्ट्रेसफुल असतं, डिलाइटेड पाहुण्यांना मिळालेलं जेवण डिलाइटफुल, आणि स्केअर्ड मुलाने पाहिलेला सिनेमा स्केअरी. इथे ‘एड’ची बाजू नियमाने येते, दुसरी बाजू मात्र एकेक करून लक्षात ठेवावी लागते. शब्दकोशात बोअर्ड आणि बोअरिंग यांच्या नोंदी वेगवेगळ्या दिलेल्या असतात. शंका आली की दोन्ही उघडून पाहाव्यात.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती, की फळ्यावरून माणूस-वस्तूचा तो नियम पुसून टाका. त्याजागी ‘घाबरणारा’ आणि ‘घाबरवणारा’ हे दोन शब्द लिहा आणि मुलांना त्यांतला फरक विचारा. तो त्यांना आधीपासून येत असतो.