आधी थांबवायचं, मग ओळखायचं

मंडळी, आपण एक प्रसंग घेऊ. रक्ताची पिशवी लावून दहा मिनिटं झाली आहेत. रुग्णाचं तापमान ३६.८ अंश सेल्सिअस होतं, ते ३८.२ झालं. तो म्हणतो, "सिस्टर, थंडी वाजतेय."

एवढ्यावरून काय झालं ते सांगता येतं का? नाही. पिशवीतल्या पांढऱ्या पेशींमुळे येणारा साधा तापही असाच सुरू होतो, आणि चुकीच्या गटाचं रक्त जाऊन तांबड्या पेशी फुटू लागतात तेव्हाही सुरुवात अशीच असते. अंगावर नुसत्या गांधी उठल्या, श्वास आणि रक्तदाब ठीक असला, तर ती बहुधा सौम्य ॲलर्जी. औषधाने ती शमली, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेच रक्त पुन्हा सावकाश सुरू करता येतं. तापाचं तसं नाही.

म्हणून सिस्टर निदानाची वाट पाहत नाहीत. त्या रक्त थांबवतात, सुई तशीच ठेवून नव्या नळीने सलाइन लावतात, डॉक्टरांना बोलावतात आणि रुग्णाचं नाव पिशवीवरच्या लेबलाशी पुन्हा ताडून पाहतात. कंबर दुखते का, लघवी लाल आहे का, रक्तदाब उतरतोय का, हे बघत राहतात. पिशवी नळीसकट, रुग्णाच्या रक्ताच्या ताज्या नमुन्यासह, रक्तपेढीकडे जाते.

साधा ताप निघाला, तर फार तर एक पिशवी वाया गेली. पेशी फुटत असतील, तर पुढे गेलेला प्रत्येक थेंब मूत्रपिंडाला महाग पडतो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. आपला निर्णय त्यावरच ठरतो.