सिलिकॉन तापलं की फर्मी पातळी कुठे जाते?

शुद्ध सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनना राहायला दोन मजले असतात. खालचा संयुजा पट्टा जवळजवळ खचाखच भरलेला आणि वरचा वहन पट्टा जवळजवळ रिकामा. एखाद्या नाट्यगृहात तळमजला हाऊसफुल्ल, बाल्कनी रिकामी आणि मधल्या हवेत एकही खुर्ची नाही, तसंच. ही मधली उंची खोलीच्या तापमानाला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९२६ मध्ये इलेक्ट्रॉन जागा कशा भरतात याचा नियम मांडला. ज्या उंचीवर जागा भरलेली असण्याची शक्यता नेमकी निम्मी असते, ती फर्मी पातळी. शुद्ध सिलिकॉनमध्ये ती दोन मजल्यांच्या जवळपास मधोमध येते. तिथे जागाच नाही, मग निम्मी भरणार काय, असा प्रश्न पडणं रास्त आहे. ही रेघ हिशेबाची आहे. ती बाल्कनीच्या जितकी जवळ, तितके वर इलेक्ट्रॉन जास्त. तळमजल्याच्या जितकी जवळ, तितक्या खाली रिकाम्या जागा, म्हणजे होल, जास्त.

आता एक ठरावीक नमुना घेऊ. सिलिकॉनच्या दर पन्नास लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू, म्हणजे दर घन सेंटिमीटरला १०<sup>१६</sup>. भेसळ नगण्य वाटते, पण शुद्ध सिलिकॉनमध्ये त्याच घन सेंटिमीटरात मोकळे इलेक्ट्रॉन १०<sup>१०</sup> च्या आसपासच असतात. फॉस्फरसचा जास्तीचा इलेक्ट्रॉन वहन पट्ट्याच्या फक्त ०.०४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली, सैलसा बांधलेला असतो. खोलीतली ऊब त्याला सोडवायला पुरते. इलेक्ट्रॉन दहा लाख पटींनी वाढले की रेघ वर सरकते आणि वहन पट्ट्याच्या सुमारे ०.२१ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली येऊन थांबते. हे एन-टाइप सिलिकॉन. फॉस्फरसऐवजी तेवढंच बोरॉन घातलं तर पी-टाइप मिळतं आणि रेघ संयुजा पट्ट्याच्या वर साधारण तेवढ्याच अंतरावर बसते.

खरी गंमत तापमान बदललं की दिसते. एन-टाइप नमुना तापवला तर वाटतं, इलेक्ट्रॉन आणखी उसळतील आणि रेघही वर जाईल. होतं उलट. फॉस्फरसने द्यायचे ते इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानालाच देऊन टाकलेले असतात, त्यामुळे वरची संख्या ठरलेली आहे. पण तापमान वाढलं की रेघेच्या बऱ्याच वरच्या जागा भरण्याची शक्यताही वाढते. रेघ आहे तिथेच राहिली तर हिशेबात इलेक्ट्रॉन प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतील. हिशेब जुळायला तिला खालीच यावं लागतं. ५०० केल्विनला, म्हणजे सुमारे २२७ अंश सेल्सिअसला, ती वहन पट्ट्यापासून ०.३७ इलेक्ट्रॉन व्होल्टवर गेलेली असते. पी-टाइपमध्ये ती याच कारणाने वर चढते. दोन्ही रेघा मध्याकडे निघालेल्या असतात.

थंडीत याच्या उलट प्रवास होतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या आसपास काही इलेक्ट्रॉन फॉस्फरसकडे परतू लागतात. निरपेक्ष शून्याजवळ सगळेच परततात आणि रेघ फॉस्फरसची पातळी व वहन पट्टा यांच्या मधोमध, पट्ट्याच्या जेमतेम ०.०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली, येते.

हे सरकणं डायोडमध्ये जाणवतं. पी आणि एन तुकडे जोडल्यावर समतोलात फर्मी पातळी दोन्हीकडे एकाच उंचीवर यावी लागते, म्हणून पट्टेच वाकतात. आपल्या नमुन्यात सांध्यावर ०.७ व्होल्टच्या आसपास पायरी तयार होते. ५०० केल्विनला दोन्ही रेघा मध्याकडे आल्याने तीच पायरी निम्म्यावर येते. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावून साध्या सिलिकॉन डायोडचं रीडिंग घ्या. ते ०.६ व्होल्टच्या आसपास दिसेल. मग सोल्डरिंगची गरम इस्त्री डायोडला न टेकवता जवळ धरा, आकडा घसरू लागेल. दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट, हा हिशेब इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तोंडपाठ असतो. कितीतरी तापमापक सेन्सर याच घसरणीवर चालतात.

आणखी तापवत गेलं तर खालच्या मजल्यावरून थेट वर उडी मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या फॉस्फरसच्या देणगीला गाठते. आपल्या नमुन्यात हे ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. मग रेघ मध्याला टेकू लागते आणि एन-पी हा भेदच पुसट होतो. जास्त व्होल्टेज पेलणाऱ्या पॉवर डायोडच्या मधल्या थरात भेसळ मुद्दाम शंभर पटींनी कमी, म्हणजे १०<sup>१४</sup> च्या आसपास, ठेवतात. तिथे ही वेळ दोनशे अंशांच्या जरा वरच येते. उलट दिशेने झिरपणारा प्रवाह तर त्याच्या कितीतरी आधीपासून, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होत, वाढत असतो. बऱ्याच सिलिकॉन पॉवर डायोडांच्या माहितीपत्रकात सांध्याचं कमाल तापमान १५० किंवा १७५ अंश दिलेलं असतं, त्याचं एक मोठं कारण हेच.