हरवलेल्या पाच नोंदी

आमच्या प्रयोगशाळेत 'क' आणि 'ख' असे दोन सर्व्हर दर दहा सेकंदांनी तापमान नोंदवतात व प्रत्येक नोंदीवर आपापल्या घड्याळाची वेळ उमटवतात. तिसरा संगणक दर पाच मिनिटांनी या नोंदी गोळा करतो. दोघांकडून तीस-तीस नोंदी यायला हव्यात, पण 'ख'कडून पंचवीसच येऊ लागल्या. चुकीची सूचना मात्र कोठेच नव्हती.

नदीच्या घाटावर पाणी कोठवर चढले याची खूण करतात, तशी गोळा करणारा संगणक मिळालेल्या सर्वांत ताज्या वेळेची खूण ठेवतो. हिला वॉटरमार्क म्हणतात. पुढच्या खेपेस तो फक्त त्यानंतरच्या नोंदी मागतो.

आता 'क'चे घड्याळ पाहू. त्यातील क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत फक्त वीस भाग जलद होता. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर ही चूक रोज सुमारे १.७ सेकंद, म्हणजेच महिन्यात ५२ सेकंद होते. खरे दहा वाजता 'क'ने १०:००:५२ असा शिक्का मारला आणि वॉटरमार्क तेथे गेला. त्यानंतर 'ख'ने १०:००:१० ते १०:००:५० या वेळांच्या पाच अचूक नोंदी केल्या. त्या वॉटरमार्कच्या मागे राहिल्या, म्हणून कधीच मागितल्या गेल्या नाहीत. प्रत्येक संकलनानंतरच्या पहिल्या ५२ सेकंदांतल्याच नोंदी गहाळ होत्या, यावरून आम्हांला दोष सापडला.

उपाय म्हणजे एनटीपी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेल्या या पद्धतीत आपला संगणक वेळ-सर्व्हरला संदेश पाठवतो. 'क'ने पाठवताना १०:००:५२.००० ही वेळ टिपली. तिकडे संदेश १०:००:००.०२० ला पोहोचला. तेथून उत्तर १०:००:००.०२१ ला निघाले आणि 'क'च्या घड्याळात १०:००:५२.०४१ ला आले. जातानाचा फरक ५१.९८०, येतानाचा ५२.०२०. सरासरी काढली की प्रवासाचा वेळ कटतो आणि ५२ सेकंदांची चूक उरते. मात्र येथे दोन्ही वाटांना सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरले आहे. तसे नसेल, तर फरकाच्या निम्मी चूक शिल्लक राहते.

घड्याळ एकदम ५२ सेकंद मागे घेतले असते, तर 'क'च्याच नव्या नोंदी वॉटरमार्कच्या मागे पडल्या असत्या. म्हणून घड्याळाची गती किंचित कमी करतात. दहा लाखांत पाचशे भाग या गतीने ५२ सेकंद भरून काढायला जवळजवळ २९ तास लागतात! तेवढा वेळ आम्ही संकलन थांबवले. आता `chronyc tracking` ही आज्ञा दिली, की `System time` या ओळीत उरलेली चूक दिसते.

ही चूक शून्य कधीच होत नाही. म्हणून आम्ही नोंदी वॉटरमार्कच्या दोन मिनिटे आधीपासून मागतो आणि दुबार आलेल्या नोंदी अनुक्रमांकावरून वगळतो.