शाडूच्या मूर्तीची नोंदणी लवकर का?

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या मूर्तिकाराकडे शाडूच्या गणेशमूर्तीची मागणी नोंदवायला गेलात, तर तो आधी उंची विचारतो आणि मग नोंदणीची शेवटची तारीख सांगतो. चतुर्थीला महिना उरला असताना ‘एक फुटी मिळेल, दोन फुटी आता जमणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर नवल वाटू देऊ नका. त्याचे कारण मातीतल्या पाण्यात आहे.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम तापवून, त्यातले बरेचसे पाणी घालवून केलेली भुकटी. पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम बनते. सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि अर्ध्या तासात मूर्ती घट्ट होते. शाडूत अशी रासायनिक क्रिया होत नाही. कणांमधले पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते, एवढेच. जाडी दुप्पट झाली की वाळायला साधारण चौपट वेळ लागतो. त्यात दिवस पावसाळ्याचे, हवा दमट. बरे, उन्हात ठेवून घाई करावी, तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि मूर्तीला तडे जातात. म्हणून ती सावलीतच वाळवावी लागते.

मग आपल्या शेतातली काळी माती का नको? उन्हाळ्यात त्या शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतीलच. या मातीच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. पोळ्याचे छोटे बैल तिचे होतात. मोठी मूर्ती मात्र तडकते. शाडू फार आकसत नाही.

आता विसर्जनाकडे वळू. जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत दोन किलोची प्लॅस्टरची मूर्ती ठेवली, तर तीस-पस्तीस ग्रॅम विरघळतील आणि उरलेली तशीच राहील. शाडूही खरे तर विरघळत नाही, तो विखुरतो. कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी घुसते, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि ढेकळे सुटतात. गंमत अशी, की अर्धवट ओला शाडू पाण्यात लवकर फुटत नाही, कारण त्याच्या छिद्रांत आधीच पाणी असते. एक ओला आणि एक पूर्ण वाळलेला असे दोन गोळे दोन पेल्यांत टाकून पाहा.

2016 सालच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावी बादलीतले विसर्जन सोयीचे: गाळ खाली बसला की वरचे पाणी ओतून द्यावे आणि माती कुंडीत टाकावी. मात्र रंग गेरू, हळद, चुना असे हवेत. तैलरंगाचा किंवा वार्निशचा थर असेल, तर पाणी आत शिरतच नाही आणि शाडूची मूर्तीही बादलीत तशीच उभी राहते. शिवाय काही चकचकीत पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसे असते. तशी माती कुंडीत टाकता येत नाही. मूर्ती घेताना ओला कापूस मागच्या बाजूला हलकेच फिरवावा. कापसाला रंग लागला, तर तो पाण्यात सुटणारा आहे.